दोन लाखांचे सोनेतारण आणि खात्यात दिसणारे २,१६,५१७

प्रश्न: मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी गेल्या १२ ऑगस्टला बँकेत दागिने ठेवून २ लाखांचे सोनेतारण कर्ज घेतले. दर ९ टक्के, मुदत १२ महिने, परतफेड बुलेट पद्धतीने. अजून काहीच भरलेले नाही. आज १८ जुलै. अ‍ॅपवर आउटस्टँडिंग २,१६,५१७ आणि ओव्हरड्यू शून्य दिसते. शाखेत विचारले तर २,१७,४२५ सांगितले. माझ्या हिशेबाने २,१६,७६७ व्हायला हवेत. खरा आकडा कोणता? आणि नूतनीकरण करायचे तर किती पैसे घेऊन जायचे? शाखेतले म्हणतात, "काळजी करू नका, करून देऊ."

उत्तर:

अ‍ॅपवरचा आणि शाखेतला, दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते दोन वेगवेगळ्या तारखांचे आहेत, एवढाच फरक. तुमच्या हिशेबात मात्र एक गोष्ट राहिली आहे. तुम्ही ३४० दिवसांचे सरळ व्याज धरले आणि बँक दरमहा व्याज खात्यात नावे टाकते आहे. मी बरीच वर्षे बँकेत सोनेतारणाचे काम पाहिले आहे. हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी खाते उताराच काढायला सांगायचो, कारण अ‍ॅपच्या पहिल्या पानावरच्या एका आकड्यातून काहीच कळत नाही. तुम्हीही पूर्ण वर्षाचा उतारा काढा. त्यात साधारण अशा ओळी सापडतील:

| तारीख | तपशील | नावे | बाकी |
|---|---|---|---|
| १२ ऑगस्ट | कर्ज उचल | २,००,००० | २,००,००० |
| ३१ ऑगस्ट | व्याज, २० दिवस | ९८६ | २,००,९८६ |
| ३० सप्टेंबर | व्याज, ३० दिवस | १,४८७ | २,०२,४७३ |
| ३१ ऑक्टोबर | व्याज, ३१ दिवस | १,५४८ | २,०४,०२१ |
| … | … | … | … |
| ३१ मे | व्याज, ३१ दिवस | १,६३० | २,१४,९२७ |
| ३० जून | व्याज, ३० दिवस | १,५९० | २,१६,५१७ |

सप्टेंबरचे व्याज २,००,००० वर नाही, २,००,९८६ वर लागले आहे. म्हणजे ऑगस्टचे व्याज खात्यात नावे पडले की पुढच्या महिन्यापासून त्यावरही व्याज सुरू होते. बुलेट परतफेडीचा अर्थ एवढाच की मुद्दल आणि व्याज दोन्ही मुदत संपताना एकरकमी भरायचे. तोवर व्याजाची आकारणी थांबत नाही, फक्त मागणी थांबते. मागणीच नसल्यामुळे ओव्हरड्यू शून्य दिसते. ते शून्य पाहून 'अजून व्याज लागलेले नाही' असे समजणारे बरेच भेटतात. ओव्हरड्यू म्हणजे देय तारीख उलटूनही न भरलेली रक्कम. तुमची देय तारीख १२ ऑगस्ट आहे, म्हणून त्या दिवसापर्यंत तिथे शून्यच राहणार.

आता दोन आकड्यांमधला फरक. अ‍ॅपवरचे २,१६,५१७ म्हणजे ३० जूनला व्याज नावे पडल्यानंतरची खात्यातली बाकी. जुलैचे व्याज ३१ तारखेला नावे पडेल, पण ते रोज साचतेच आहे. १ ते १७ जुलै हे १७ दिवस धरा: २,१६,५१७ × ९ टक्के × १७ ÷ ३६५, म्हणजे ९०८ रुपये. ते मिळवले की शाखेने सांगितलेले २,१७,४२५ येतात. आज खाते बंद करायचे तर हाच आकडा लागेल. काही बँकांच्या अ‍ॅपवर हे साचलेले, पण अजून नावे न पडलेले व्याज वेगळ्या ओळीत 'अ‍ॅक्रूड इंटरेस्ट' म्हणून दिसते. काहींच्या अ‍ॅपवर ते दिसतच नाही. म्हणून फक्त आउटस्टँडिंग पाहून पैशांची जुळवाजुळव केली तर महिनाअखेरीकडे हजार-दीड हजार रुपये कमी पडू शकतात.

तुमच्या खात्यावर सध्या रोजचे व्याज सुमारे ५३ रुपये आहे. हा आकडा एका कागदावर लिहून ठेवा. शाखेने शनिवारी सांगितलेली रक्कम तुम्ही ऑनलाइन पाठवली आणि ती कर्जखात्यात सोमवारी जमा झाली, तर शंभरेक रुपये बाकी राहतात. एवढ्याशा बाकीनेही खाते उघडे राहते, आणि खाते बंद झाल्याशिवाय दागिन्यांची पिशवी तिजोरीतून बाहेर येत नाही. खाते बंद करण्याची रक्कम विचारताना 'अमुक तारखेला पैसे जमा होणार असतील तर किती' असे तारीख सांगून विचारा.

व्याज बरोबर लागले आहे का, हे तपासायला मोठे गणित लागत नाही. कोणत्याही महिन्याचे व्याज घ्या, त्याला ३६५ ने गुणा, त्या महिन्याच्या दिवसांनी भागा आणि मग ०.०९ ने भागा. जूनचे १,५९० घेतले तर २,१४,९४४ येतात. ३१ मेची बाकी २,१४,९२७ होती. रुपयांच्या पूर्णांकामुळे साठ-सत्तर रुपयांपर्यंतचा फरक पडू शकतो, तो सोडून द्या. पण उत्तर बाकीपेक्षा हजारोंनी जास्त आले, तर दोनच शक्यता राहतात. एक तर दर ९ टक्के राहिलेला नाही, किंवा बाकीत न दिसणाऱ्या एखाद्या रकमेवर व्याज लागते आहे. दर बदललेला असू शकतो. कर्ज एमसीएलआरसारख्या बदलत्या दराशी जोडलेले असेल तर मध्येच दर बदलणे नियमात बसते. मंजुरीपत्र आणि की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, काढून दर स्थिर आहे की बदलता, तेवढे पाहून घ्या. कर्ज देताना हे स्टेटमेंट तुमच्या हाती दिलेले असायला हवे.

आउटस्टँडिंगमध्ये मुद्दल आणि व्याजाशिवाय आणखी काय मिसळते, ते पहिल्या काही ओळींत कळते. समजा प्रक्रिया शुल्क ५०० रुपये आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० झाले. हे ५९० तुमच्या बचत खात्यातून गेले असतील तर कर्जखात्यात त्यांची खूण नसेल. पण ते कर्जखात्याच्या नावे टाकले असतील तर बाकी पहिल्याच दिवशी २,००,५९० होते आणि त्या ५९० वरही वर्षभर व्याज लागते. रक्कम लहान आहे, तरी अशी ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारायला संकोच करू नका. सराफाची मूल्यांकन फी, विमा, पुढे मुदत उलटली तर नोटिशीचा खर्च, हे सगळे याच पद्धतीने बाकीत शिरते. तुमचा अ‍ॅपवरचा आकडा फक्त मुद्दल आणि व्याज धरून तंतोतंत जुळतो आहे, म्हणजे तुमच्या खात्यात असे काही नाही.

दंडाची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या बाबतीत ती अजून आलेली नाही, पण १२ ऑगस्टनंतर येऊ शकते. उशिरासाठी पूर्वी व्याजाचा दरच दोन टक्के वाढवायची पद्धत होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून ती बंद केली. आता दंड 'पीनल चार्जेस' म्हणून वेगळ्या ओळीत आकारायचा, तो व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर पुढे व्याज लावायचे नाही. मूळ कर्जावरचे आणि थकलेल्या व्याजावरचे नेहमीचे व्याज मात्र चालूच राहते. मुदतीनंतरच्या महिन्याचे व्याज वर दिलेल्या उलट्या हिशेबाने तपासले आणि ०.०९ ऐवजी ०.११ ने भागल्यावर बाकी जुळली, म्हणजे दर ९ ऐवजी ११ निघाला, तर शाखेला लेखी विचारा.

मध्ये थोडे पैसे भरले तर फायदा होतो का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण खाते वाचताना त्याचा संबंध येतो. जानेवारीत तुम्ही ५,००० भरले असते तर बँकेने ते बहुधा आधी व्याजाकडे वळवले असते, कारण डिसेंबरअखेर ७,१०१ रुपये व्याज नावे पडलेले होते. त्यामुळे मुद्दल २ लाखच दिसले असते आणि तुम्हाला वाटले असते की पैसे वाया गेले. तसे होत नाही. एकूण बाकी ५,००० ने उतरते आणि पुढचे व्याज कमी झालेल्या बाकीवर लागते. जानेवारी ते ऑगस्ट या काळात त्या ५,००० मुळे पावणेतीनशे रुपयांच्या आसपास व्याज वाचले असते. बुलेट कर्जातही मध्ये भरलेले पैसे बँका स्वीकारतात. हाताशी पैसे असतील तर ते बचत खात्यात पडू देण्यापेक्षा इथे भरलेले बरे.

आता नूतनीकरण. काहीच न भरता १२ ऑगस्ट उजाडला तर तुमची बाकी अशी असेल: ३१ जुलैला १,६५५ नावे पडून २,१८,१७२, आणि ऑगस्टच्या ११ दिवसांचे ५९२ मिळवून २,१८,७६४. यात २,००,००० मुद्दल आणि १८,७६४ व्याज आहे. नूतनीकरणासाठी तुम्हाला हे १८,७६४ रुपये घेऊन जायचे आहेत. त्यावर नव्या कर्जाचे प्रक्रिया शुल्क आणि मूल्यांकन फी असेल, ती आधी विचारून ठेवा.

'करून देऊ' या शब्दांपाशी मात्र थांबा. त्याचा एक अर्थ असा असू शकतो की तुम्ही काहीच भरायचे नाही, सोन्याचा भाव वाढलेला आहे, तर २,१८,७६४ चे नवे कर्ज टाकायचे, त्यातून जुने खाते बंद करायचे आणि तुम्ही सही करून घरी जायचे. ग्राहकाला हे सोयीचे वाटते आणि शाखेचेही खाते थकत नाही. पण यात व्याजाचे मुद्दल होते. याच ९ टक्क्यांनी पुढच्या वर्षी तेच केले तर २,३९,२८८ होतात, आणि तिसऱ्या वर्षअखेर २ लाख ६१ हजारांच्या वर. त्या तीन वर्षांत तुम्ही मूळ दोन लाखांच्या पलीकडे एक रुपयाही हातात घेतलेला नसतो. दागिना तोच, त्याच्यावरचे ओझे मात्र दरवर्षी वाढते. भाव चढता आहे तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. भाव उतरला की येते, आणि तेव्हा एकदम मोठी रक्कम भरावी लागते. मला या प्रकाराची सर्वात जास्त काळजी वाटते, कारण अशी खाती अगदी नियमित दिसतात.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जांसाठी एकत्रित नियम काढले आणि ते पाळायला १ एप्रिल २०२६ ही शेवटची तारीख दिली. त्यात हे स्पष्ट आहे की बुलेट कर्जाचे नूतनीकरण साचलेले व्याज भरल्यानंतरच करायचे. शिवाय कर्जदाराने तशी रीतसर मागणी करायला हवी, खाते नियमित म्हणजे 'स्टँडर्ड' असायला हवे, आणि कर्ज सोन्याच्या किमतीच्या परवानगीच्या मर्यादेत बसायला हवे. घरगुती गरजेसाठीच्या बुलेट कर्जाची मुदतही १२ महिन्यांपुरतीच ठेवली आहे.

नूतनीकरण नेमके कसे झाले, ते दुसऱ्या दिवशी उताऱ्यावरून ओळखता येते. जुन्या खात्यात शेवटी जमेच्या ओळी पाहा. १८,७६४ तुमच्या बचत खात्यातून किंवा रोखीने जमा झालेले आणि २,००,००० नव्या कर्जातून वळते झालेले असतील, तर ते योग्य नूतनीकरण. एकच ओळ २,१८,७६४ ची असेल आणि नव्या खात्याची पहिली उचलही नेमकी तेवढीच असेल, तर व्याजाचे मुद्दल झाले. काही ठिकाणी खाते क्रमांक तोच राहतो आणि फक्त मुदत पुढे जाते. तिथे व्याजाची जमा स्वतंत्र दिसते का, एवढे बघायचे. नूतनीकरणाच्या वेळी दागिन्यांचे मूल्यांकन नव्याने होते आणि पावतीवर नवे आकडे येतात. जुन्या पावतीवरचे निव्वळ वजन आणि कॅरट नव्याशी ताडून पाहा. खडे, लाख, दोरा वजा करून उरते ते निव्वळ वजन. दागिना तोच असेल तर ते बदलायचे कारण नाही.

नूतनीकरणात मर्यादेचे गणित बुलेट कर्जासाठी थोडे वेगळे चालते, आणि इथे लोकांचा अंदाज चुकतो. घरगुती कारणासाठी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. अडीच ते पाच लाखांना ८० टक्के, त्यापुढे ७५. पण बुलेटमध्ये ही टक्केवारी हातात मिळणाऱ्या रकमेवर मोजत नाहीत, मुदतीअखेर जी एकूण रक्कम भरायची तिच्यावर मोजतात. म्हणजे तुमच्या २ लाखांसाठी २,१८,७६४ धरायचे आणि ते ८५ टक्क्यांत बसायला सोन्याची किंमत किमान २,५७,३७० हवी. किंमत धरताना मागच्या ३० दिवसांच्या बंद भावाची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला कमी असेल तो घेतात, तोही दागिन्याच्या शुद्धतेनुसार. सराफकट्ट्यावर विचारलेल्या भावाशी तो जुळला नाही तर यात कुणी फसवले असे समजू नका. घडणावळही त्यात धरत नाहीत.

हीच मर्यादा कर्जाच्या पूर्ण मुदतीत पाळायची असते. भाव घसरला तर मुदतीच्या आधीच शाखेचा फोन येऊ शकतो की काही रक्कम भरा. त्या वेळी ओव्हरड्यू शून्य असले तरी तो फोन खराच असतो.

१२ ऑगस्ट चुकली तर काय, हेही सांगतो. त्या रात्रीच्या हिशेबानंतर खाते थकीत दिसायला लागते. थकबाकी तशीच राहिली तर १० नोव्हेंबरला ते एनपीएमध्ये, म्हणजे अनुत्पादित कर्जांत, जाते, आणि मग नूतनीकरणाचा मार्ग बंद होतो, कारण खाते 'स्टँडर्ड' राहत नाही. क्रेडिट अहवालातला उशीर त्याच्या कितीतरी आधी दिसू लागतो. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच नूतनीकरणाचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

हा सगळा हिशेब दरमहा व्याज नावे टाकणाऱ्या बँक खात्याचा आहे. शेतीसाठीच्या सोनेतारणात आकारणी हंगामाला धरून चालते, तिथे तो जसाच्या तसा लावू नका. सोनेतारण देणाऱ्या वित्त कंपन्यांच्या खात्यात मुद्दल बहुतेक वेळा स्थिर दिसते आणि व्याज वेगळ्या रकान्यात असते. तिथे पाहायची गोष्ट म्हणजे दराचे टप्पे. काही योजनांत व्याज वेळेत भरले तरच कमी दर मिळतो. समजा २ लाखांवर वेळेत भरणाऱ्याला १२ टक्के आहे आणि ९० दिवस उलटले की पहिल्या दिवसापासून १८ टक्के. मग ९० व्या दिवशी दिसणारे व्याज ५,९१८ असते आणि ९१ व्या दिवशी ८,९७५. एका रात्रीत तीन हजारांची उडी दिसली तर ती चूक नसून योजनेची अट असण्याची शक्यता मोठी. मंजुरीपत्रातला टप्प्यांचा तक्ता काढून दिवस मोजा. पतसंस्थेत किंवा परवानाधारक सावकाराकडे दागिने असतील तर वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे नियम तिथे लागू नाहीत. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि सावकारांना महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी अधिनियम आहे.

नूतनीकरण न करता दागिने सोडवायचेच ठरवले, तर पूर्ण रक्कम भरल्याच्या दिवशीच, किंवा फार तर सात कामकाजी दिवसांत, ते परत द्यायचे बंधन नव्या नियमांनी घातले आहे. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. तुमचे आत्ताचे कर्ज मागच्या ऑगस्टचे असल्याने त्याला कोणते नियम लावले आहेत, ते शाखेला विचारा. १२ ऑगस्टला नूतनीकरण केलेत तर नव्या कर्जाला मात्र नवेच नियम लागतील. पिशवी काउंटरवरच उघडा, पावतीवरच्या यादीप्रमाणे एकेक नग मोजा, वजन करून घ्या आणि मगच 'दागिने मिळाले' म्हणून सही करा.